कार्यालयाची आगाऊ रक्कम : दुःखाबरोबर हिशेबही मांडावा

सांगलीतील एका धान्यव्यापाऱ्याच्या घरी नातवाच्या लग्नाला चोवीस दिवस उरले असता आजोबांचे निधन झाले. सूतक आणि घरातील शोक लक्षात घेऊन दोन्ही कुटुंबांनी मोठा समारंभ रद्द केला. मंगल कार्यालयाचे भाडे ३,००,००० रुपये ठरले होते. त्यांपैकी १,५०,००० रुपये आणि त्यावरील १८ टक्के जीएसटी, असे १,७७,००० रुपये भरून झाले होते. पावतीवर मात्र छापले होते, ‘आगाऊ रक्कम कोणत्याही कारणास्तव परत मिळणार नाही.’

व्यवस्थापकांनी दूरध्वनीवर सहानुभूती व्यक्त केली आणि त्या ओळीकडे बोट दाखवले. व्यापाऱ्याने वाद घातला नाही. तिसऱ्याच दिवशी पत्र देऊन त्याने तारीख मोकळी केली व पोच घेतली. मृत्यूचा दाखला हाती येताच त्याची प्रतही पाठवली. पत्रात दोनच प्रश्न होते : ती तारीख दुसऱ्या कोणास दिली का, आणि या नोंदणीपायी प्रत्यक्ष खर्च किती झाला?

या प्रश्नांना कायद्याचा आधार आहे. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम ७४ नुसार करारभंगाबद्दल मिळते ती वाजवी भरपाई. करारात लिहिलेला आकडा ही तिची कमाल मर्यादा असते. नुकसान मोजता येण्याजोगे असेल तर ते दाखवावे लागते, असे सर्वोच्च न्यायालयाने कैलाशनाथ असोसिएट्सच्या खटल्यात २०१५ मध्ये स्पष्ट केले आहे.

यथावकाश उत्तर आले. ती तारीख एका स्वागत समारंभास २,६०,००० रुपयांना गेली होती, म्हणजे भाड्यात ४०,००० रुपयांची तूट होती. मंडपवाल्यास दिलेल्या, परत न मिळणाऱ्या १०,००० रुपयांचे बिल सोबत होते. एकूण नुकसान ५०,००० रुपये ठरले. उरलेले १,००,००० आणि त्यांवरील जीएसटीचे १८,००० रुपये परत मिळाले. परताव्याच्या रकमेसाठी कार्यालयाने जीएसटी नियमांप्रमाणे ‘रिफंड व्हाउचर’ दिले. ते न मागितल्यास कराचा भाग विसरला जाण्याचा संभव असतो.

येथे एक मर्यादा ध्यानात घ्यावी. घरातील मृत्यूमुळे करार आपोआप रद्द होत नाही, कारण कार्यालय वापरणे अशक्य झालेले नसते. तारीख रिकामीच राहिली असती, तर कार्यालयाचे नुकसान आगाऊ रकमेहून अधिक भरले असते आणि मागणी दुर्बल ठरली असती. म्हणूनच कळविण्यास विलंब झाला, तर तारीख पुन्हा भरण्याची संधी दोघांच्याही हातून जाते.

उत्तरच न आल्यास दोन वर्षांच्या आत जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार करता येते. दिलेला मोबदला पाच लाखांपर्यंत असल्यास तेथे शुल्क लागत नाही. रकमेऐवजी पुढील तारीख स्वीकारायची असल्यास जमा रक्कम, मुदत आणि त्या वेळचा दर लेखी घ्यावा. तोंडी आश्वासन व्यवस्थापक बदलला की उरत नाही.