धूर चुलीचा, दोष मात्र आईचा!

वस्तीतले एखादे तान्हे मूल न्यूमोनियाने दगावले की, 'आई अडाणी, बाप विडी ओढतो, चुलीची सवय सुटत नाही' असा निवाडा देऊन सुशिक्षित समाज मोकळा होतो. हा निवाडा अर्धसत्य आहे. आणि अर्धसत्य नेहमी सत्ताधाऱ्यांच्याच सोयीचे असते.

धूर जंतू निर्माण करीत नाही. तो शरीराचा पहारा उठवतो. श्वासनलिकेच्या अस्तरावरील सूक्ष्म केस जंतू अडकलेला कफ सतत वर ढकलीत असतात. धुराने हे केस लुळे पडतात आणि फुफ्फुसातील जंतुभक्षक पेशी काजळीने भरून मंदावतात. मग साधा संसर्गही खोलवर उतरतो. धूर चुलीचा, विडीचा की डिझेलचा, हा भेद फुफ्फुस जाणत नाही.

ग्वातेमालाच्या डोंगराळ भागात 2002 ते 2004 या काळात सुमारे पाचशे घरांत एक प्रयोग झाला. चिठ्ठ्या टाकून निम्म्या घरांना धुराड्याची चूल देण्यात आली. तेथील बालकांच्या वाट्याचा धूर निम्म्यावर आला. एकंदर न्यूमोनियातील घट निर्णायक ठरली नाही. परंतु गंभीर न्यूमोनिया सुमारे एक तृतीयांशाने कमी आढळला.

याउलट तामिळनाडूसह चार देशांत झालेल्या प्रयोगात गॅस व शेगडी फुकट देऊनही तान्ह्या बालकांतील गंभीर न्यूमोनिया लक्षणीय घटला नाही, असे 2024 साली प्रसिद्ध झाले. 'मग गॅसवर खर्च कशाला?' असा प्रश्न आता विचारला जाईल. उत्तर स्पष्ट आहे. कुपोषण, दाटीवाटी, अपुरे लसीकरण आणि दाराबाहेरची हवा ही कारणे शेगडीने नाहीशी होत नाहीत. एका प्रयोगाच्या या निष्कर्षाने धूर निरुपद्रवी ठरत नाही. एकटी शेगडी पुरेशी नाही, एवढेच त्यातून दिसते.

आणि येथे तर ती शेगडीही अर्धीच पेटते. 2016 साली उज्ज्वला योजनेचा गाजावाजा झाला. जोडणी मिळाली, इंधन मात्र विकतच घ्यावे लागले. 14.2 किलोचे सिलिंडर पाच माणसांच्या घराला जेमतेम दीड महिना पुरते. म्हणजे वर्षाला आठ हवीत. 2022-23 मध्ये या लाभार्थींनी सरासरी चारही भरून घेतली नाहीत. उरलेले अर्धे वर्ष आई लाकडे फुंकते, आणि मूल तिच्या मांडीवर असते. ही सवय नव्हे, मजुरीचा हिशेब आहे.

कार्यकर्त्यांनी विडी मुलापाशी ओढू नका, हे निःसंकोच सांगावे. तेवढे बापाच्या हाती आहे. परंतु सिलिंडरची किंमत त्याच्या हाती नाही. ती रोजंदारीच्या आवाक्यात आणल्यावाचून आईला उपदेश करण्याचा अधिकार कोणत्याही शासनाला पोचत नाही.