रिंगखाली तळ ठोकणारे

मुंबईत नागपाड्याला बास्केटबॉलची स्पर्धा असली की मोजायला पंच असतात. आपल्या संध्याकाळच्या खेळात 24 सेकंदांचं घड्याळ नसतं आणि 8 सेकंदांत अर्धं मैदान ओलांडलं का, हेही कुणी बघत नाही. चालतं. पण 3 सेकंदांचा नियम सोडू नका, हे माझं ठाम मत. नाहीतर सगळ्यात उंच गडी रिंगखालच्या चौकोनात ठाण मांडतो आणि बाकीचे नुसते त्याला पास देत बसतात.

मात्र मोजायचं नीट. त्याच्याच टीमकडे, पुढच्या अर्ध्यात बॉल असेल तरच. शॉट सुटला की मोजणी बंद, म्हणून रिबाउंड घेऊन लगेच पुन्हा टाकणाऱ्यावर ओरडू नका. बचाववाल्याला हा नियम लागूच नाही (तो प्रकार एनबीएतला!). रेषेवर पाय म्हणजे आतच. सुटायचं तर दोन्ही पाय बाहेर टेकवायचे.