पहिल्या धड्यात कोण बोलते?

गेल्या काही दिवसांत आमच्यापुढे एका पाठ्यपुस्तकाचा कच्चा मसुदा आला. बेळगावातील कन्नडभाषक प्रौढांना मराठी शिकविण्यासाठी सायंवर्ग चालविणाऱ्या काही मंडळींनी तो तयार केला होता. हेतू स्तुत्य होता, व्याकरणही बहुतांशी नेटके होते. परंतु पहिल्याच धड्यातील संवाद वाचून आम्ही पुस्तक मिटले. त्या संवादात तिघे बोलतात. ज्ञानेश्वर कुलकर्णी शिक्षक आहेत, श्रीकृष्णपंत त्यांचे शेजारी आहेत आणि अब्दुल केळी विकतो. पहिल्या दोघांना सारे ‘अहो’ म्हणतात. अब्दुलला मात्र सारे ‘अरे’ म्हणतात, आणि तो उत्तरादाखल ‘साहेब’ म्हणतो.

आम्ही हरकत घेतली तेव्हा दोन प्रकारची उत्तरे मिळाली. एक पक्ष म्हणाला, “नाव ते नाव. आपल्या पुस्तकांत ही नावे पूर्वापार आहेत, त्यात राजकारण कशाला?” दुसरा पक्ष म्हणाला, “बरे, मग प्रत्येक समाजाचे एकेक नाव घालू म्हणजे तक्रार उरणार नाही.” आमच्या मते दोन्ही पक्ष चुकतात, आणि दोघांची चूक एकच आहे. पहिल्या धड्यातील नाव हे आधी वाचावयाचे असते आणि मग ओळखावयाचे असते, हे दोघेही विसरतात.

प्रथम वाचनाचा प्रश्न घेऊ. कन्नड लिपी जाणणारा वाचक देवनागरीकडे येतो तेव्हा त्याला मुळाक्षरे नवी असतात, पण ध्वनी बहुतेक ओळखीचे असतात. त्याची खरी अडचण वेगळीच असते. कन्नडमध्ये अक्षर लिहिले की त्यातील ‘अ’ उच्चारला जातो, मग ते अक्षर शब्दाच्या शेवटी का असेना. मराठीत मात्र शेवटचा ‘अ’ लिहिला जातो आणि बोलताना गळतो. त्यामुळे ‘अमर’ हे नाव आपल्याला अत्यंत सोपे वाटते, कारण त्यात काना नाही, मात्रा नाही, वेलांटी नाही. महाराष्ट्रातील सहा वर्षांच्या मुलाला ते खरोखरच सोपे असते, कारण ते त्याने कानांनी आधीच ऐकलेले असते. कन्नडभाषक शिकाऊ मात्र ते शेवटच्या ‘अ’सह वाचतो. ‘समीर’ तर आणखी घोटाळ्याचे आहे. शेवटचा ‘अ’ उच्चारला की ऐकणाऱ्याला ‘समीरा’ ऐकू येते, आणि पुरुषाची स्त्री होते. ‘सरला’मध्ये हाच ‘अ’ मधल्या अक्षरातून गळतो. मराठी माणूस ‘सर्ला’ म्हणतो, शिकाऊ तिन्ही अक्षरे सुटी म्हणतो. हैदराबादच्या तेलुगू वाचकाचीही हीच गत होते. वडोदऱ्याच्या गुजराती वाचकाची मात्र होत नाही, कारण गुजरातीतही हा ‘अ’ गळतो. म्हणजे ‘सोपे नाव’ असे निरपेक्ष काही नसते. ते कोणाला सोपे, हे आधी विचारावे लागते.

आता ‘ज्ञानेश्वर’ घ्या. पहिल्या अक्षरातच ‘ज्ञ’. मराठीत त्याचा उच्चार ‘द्न्य’च्या जवळ जातो, कन्नडमध्ये ‘ग्न्य’च्या जवळ. पुढे ‘श्व’ हे आणखी एक जोडाक्षर. ‘श्रीकृष्णपंत’मध्ये ‘श्र’, ‘कृ’, ‘ष्ण’ आणि अनुस्वार असे चार अडथळे ओळीने उभे आहेत. ज्याने काल ‘क’ आणि ‘म’ गिरविला त्याला आज हे वाचावयास देणे म्हणजे पोहणे शिकविण्याआधी नदीत ढकलणे होय. यात संतांचा अनादर नाही. ती नावे विसाव्या धड्यात येऊ द्या, तेथे ती शोभतील.

तेव्हा बेळगावातील पहिल्या धड्यासाठी आमची पहिली कसोटी अशी, की नावात जोडाक्षर नसावे आणि नावाच्या शेवटी लिहिलेला स्वर असावा. जे लिहिले तेच बोलले जावे.

दुसरी कसोटी विभक्तीची. शिकाऊ माणसाला मराठीत सर्वाधिक छळते ते सामान्यरूप. ‘मुलगा’चे ‘मुलाला’ होते, ‘शाळा’चे ‘शाळेला’ होते. नावांच्या बाबतीत आजची बोली दयाळू आहे. ती बहुधा नाव तसेच ठेवून प्रत्यय लावते. जुन्या वळणाने ‘रामाला’, ‘सीतेला’ असे होते, आणि ते आजही चुकीचे नाही. परंतु पहिल्या धड्यात एकाच नावाची दोन रूपे आली तर शिकाऊ ती दोन माणसे समजतो. म्हणून पुस्तकाने एक पद्धत ठरवावी आणि शेवटपर्यंत पाळावी.

तिसरी कसोटी लिंगाची, आणि येथे आमचा व्यवसाय आम्हाला एक धडा देतो. २०२४ पर्यंत लागू असलेल्या भारतीय दंड संहितेतील उदाहरणांत माणसांना नावेच नव्हती, अक्षरे होती. एक अक्षर चोरी करी, दुसऱ्या अक्षराचे नुकसान होई. १८६० सालापासून कोणत्याही समाजाला त्यात स्वतःचा चोर दिसला नाही. निःपक्षपाताची याहून स्वस्त युक्ती नाही. पण मराठी शिकविताना ती चालत नाही, कारण मराठीत ‘आला’ की ‘आली’ हे ठरविल्याशिवाय साधे वाक्य पुरे होत नाही. अक्षराला लिंग नसते. म्हणूनच स्त्री-पुरुष दोघांना चालणारे ‘किरण’ हे नाव, कितीही निष्पक्ष असले तरी, पहिल्या धड्यात घालू नये. वाचकाला क्रियापदावरून लिंग ओळखता येऊ लागले की मग ते जरूर घालावे. तेव्हा तो उत्तम सराव होईल.

आता ओळखीचा प्रश्न. सर्व समाजांत खरोखर वावरणारी नावे आहेत काय? आहेत, आणि ती शोधण्यासाठी फार दूर जावे लागत नाही. ‘सीमा’ हा संस्कृतात हद्दीचा शब्द आहे. अरबी-फारसीच्या वाटेने आलेल्या ‘सीमा’चा अर्थ चेहरा, मुद्रा असा आहे. हिंदू आणि मुसलमान दोन्ही घरांत हे नाव ठेवले जाते आणि दोघांनाही ते आपलेच वाटते. ‘समीर’ संस्कृतात वारा आहे, तर अरबीत रात्रीच्या गप्पांचा सोबती. ‘राजू’ हे तर लाडाचे नाव; ते कोणत्याही धर्माच्या अंगणातून हाक मारून बोलावता येते. त्यातील ‘ज’ही ‘राजा’मधला, म्हणजे कन्नडभाषकाला परिचित असलेला.

म्हणून आम्ही सुचविले की पहिल्या धड्यात सीमा आणि राजू बोलावेत. दोन्ही नावे दोन अक्षरी, जोडाक्षराविना, लिहिल्याप्रमाणे बोलली जाणारी. पहिली अक्षरे भिन्न, त्यामुळे शिकाऊ डोळा गोंधळत नाही. ‘सीमा’ आणि ‘लीना’ शेजारी ठेवल्या असत्या तर तो गोंधळला असता. एकीचे ‘आली’, दुसऱ्याचे ‘आला’. समीरला आम्ही पाचव्या धड्यापर्यंत थांबविले. तेथे गळणारा ‘अ’ समजावून सांगता येतो, आणि मग त्याचे नाव हाच त्या नियमाचा नमुना ठरतो.

आडनावाचे काय? आडनाव काढून टाका, असे आमचे स्पष्ट मत आहे. पहिले नाव कितीही मोकळे असले तरी आडनाव जोडताच दार बंद होते. ‘सीमा’ कोणाचीही असते, ‘सीमा कुलकर्णी’ एकाच आळीची होते. कोणी म्हणेल, ‘पाटील’ चालेल, कारण आपल्या भागात मराठा, लिंगायत, जैन, मुसलमान अशा साऱ्यांत पाटील आहेत. हे खरे आहे. ‘देसाई’चेही बरेचसे तसेच आहे. ही आडनावे जातीवरून नव्हे, अधिकारावरून पडली. पण त्यामुळेच त्यांना अधिकाराचा वास आहे. ज्याच्या आजोबांना पाटलाच्या वाड्यासमोरून जाताना वहाणा हातात घ्याव्या लागल्या, त्याला ‘पाटील’ हे निष्पक्ष नाव आहे असे आम्ही कोणत्या तोंडाने सांगावे? ‘पंत’ आणि ‘राव’ हे प्रत्यय त्याच कारणासाठी गाळावेत. आदर दाखवावयाचा तर ‘अण्णा’ आणि ‘अक्का’ आहेत. आपल्या भागात ते दोन्ही भाषांत चालतात.

इतके केल्यावर प्रत्येक समाजाचे एकेक नाव घालणाऱ्या पक्षाला आमचे उत्तर आहे. मूळ मसुद्यात अब्दुल होता. हिशेबाने पाहता प्रतिनिधित्व झालेच होते! दोष नावात नव्हता, दोष केळ्यांच्या गाडीत आणि ‘अरे’मध्ये होता. आम्ही एक साधी परीक्षा केली. मसुद्यातील नावांची अदलाबदल करून संवाद मोठ्याने वाचला. अब्दुल शिक्षक, ज्ञानेश्वर केळी विकतो, आणि सारे त्याला ‘अरे ज्ञानेश्वर’ म्हणतात. खोलीत शांतता पसरली. ज्या संवादात नावे बदलली की बसलेल्यांना अवघडल्यासारखे होते, तो संवाद निष्पक्ष नव्हता हे सिद्ध झाले. ही परीक्षा कोणत्याही पाठ्यपुस्तकाला लावता येते आणि तिला पाच मिनिटे लागतात.

आमच्या सूचनेची मर्यादाही आम्ही सांगितली पाहिजे. पुस्तकभर सीमा आणि राजूच राहिले तर बेळगाव पुस्तकातून नाहीसे होईल. येथे बसवराज आहे, फातिमा आहे, सिद्धार्थ आहे, मारिया आहे. त्यांची नावे लपविणे हीही एक प्रकारची हकालपट्टीच. ती उत्तरार्धात यावीत. पण फातिमा डॉक्टर म्हणून, सिद्धार्थ वकील म्हणून, बसवराज गाणारा म्हणून यावा, आणि ‘अहो’ सर्वांना सारखाच मिळावा.

सीमाभागातील आम्ही मराठी माणसे संविधानाच्या ३५०-अ या अनुच्छेदाचा आधार घेऊन मुलांना मातृभाषेतून प्राथमिक शिक्षण मागतो. कन्नड पुस्तकात आमची माणसे कशी दिसतात याची तक्रारही करतो, आणि ती रास्त आहे. मग जो कन्नडभाषक शेजारी दिवसभराचे काम आटोपून, स्वखुशीने, आमची भाषा शिकण्यास येतो, त्याला पहिल्या पानावर आम्ही काय दाखवितो? आपल्याच पुस्तकात दुसऱ्याला केळ्यांच्या गाडीवर उभे करून शेजाऱ्याच्या पुस्तकाविरुद्ध दाद मागता येत नाही. न्यायालयात ज्याचे हात स्वच्छ नसतात त्याला दाद मिळत नाही, हे आम्ही पक्षकारांना रोज सांगतो.

मंडळींनी मसुदा बदलला. नव्या पहिल्या धड्यात राजू बसस्थानकावर वाट विचारतो आणि कंडक्टर म्हणते, “सीमाला विचारा.” कोणीतरी शंका काढली, ‘सीमेला’ नको का? आम्ही म्हणालो, ‘सीमेला’ म्हणजे हद्दीला, ‘सीमाला’ म्हणजे त्या बाईला. पहिल्या धड्यात आपल्याला बाईला विचारावयाचे आहे.