बाकी ०.००, तरी खातं चालूच!

परवा एका मित्राचं पतसंस्थेतलं कर्ज फिटलं. शेवटचा हप्ता भरला, स्क्रीनवर बाकी ०.००. पण खातं बंद होईना, बेबाकी दाखला निघेना. क्लार्क म्हणे, "सिस्टिम घेत नाही, साहेब."

मंडळी, यात पैसे कुणी खाल्ले नाहीत. सॉफ्टवेअरवाल्याने रक्कम फ्लोटिंग पॉइंटमध्ये ठेवली होती. त्यात कॉम्प्युटर अपूर्णांक १/२, १/४, १/८ अशा तुकड्यांनी जुळवतो. दहा पैसे म्हणजे १/१०, ते या तुकड्यांत नेमके बसतच नाहीत, जसा १/३ दशांशात संपत नाही. पायथनमध्ये दहा पैसे दहा वेळा मिळवून बघा:

```
t = 0.0
for i in range(10):
    t += 0.1
print(t)   # 0.9999999999999999
```

रुपया झालाच नाही! छापताना दोनच स्थळं दाखवतात, म्हणून ०.०० दिसतं. पण प्रोग्रामने 'बाकी शून्य आहे का?' विचारलं की उत्तर 'नाही'. शेकडो हप्त्यांची बेरीज असली की हे चिल्लर साचत जातं.

उपाय म्हणजे दशांश प्रकार: `Decimal("0.10")`. अवतरणचिन्हं हवीतच, नाहीतर `Decimal(0.1)` मध्ये जुनीच चूक आत येते. डेटाबेसमध्येही `FLOAT` नको, `DECIMAL(12,2)` हवं.

अर्थात, १०,००० रुपयांचे तीन हप्ते ३,३३३.३३ प्रमाणे पाडले तर एक पैसा उरणारच. तो शेवटच्या हप्त्यात घ्यायचा, हा नियम संस्थेनेच लिहून द्यावा लागतो. तेवढं काम संचालकांचं, कॉम्प्युटरचं नाही.