धुण्याने न जाणारी अशुद्धी

सल्फेटच्या वजनी निश्चितीत एक क्षण असा येतो की विश्लेषकाचा जीव भांड्यात पडतो. गाळणी कागदावरचा पांढरा अवक्षेप कोमट पाण्याने धुऊन झालेला असतो. खाली उतरलेल्या पाण्याचे चार थेंब परीक्षानळीत घेऊन त्यात नायट्रिक आम्लयुक्त सिल्व्हर नायट्रेट टाकले जाते आणि नळी निवळ राहते. मग नोंदवहीत ‘क्लोराइडमुक्त’ अशी खूण होते आणि कागद मुशीत जातो. आमच्या मते साताऱ्या-सांगलीच्या पाण्यावर काम करणाऱ्यांनी या खुणेचा अर्थ नेमका तपासायला हवा. अवक्षेपाच्या बाहेरचे पाणी स्वच्छ झाले, एवढेच ती नळी सांगते. स्फटिकाच्या आत काय अडकले आहे याबद्दल ती काहीच सांगू शकत नाही.

आपल्या भागात हा प्रश्न पाठ्यपुस्तकापुरता राहत नाही. कृष्णाकाठी मिरज, वाळवा, पलूस तालुक्यांत उसाला वर्षानुवर्षे पाणी देऊन ज्या काळ्या जमिनी खारवट-चोपण झाल्या, तिथल्या विहिरींच्या आणि निचरा चरांच्या पाण्यात सल्फेट असते, पण ते एकटे नसते. त्याच्यासोबत सोडियम असते, क्लोराइड असते, कॅल्शियम-मॅग्नेशियम असते आणि खतांतून आलेले नायट्रेटही असू शकते. कसबे डिग्रजच्या कृषी संशोधन केंद्राच्या परिसरातले शेतकरी असोत की कराडकडचे, पाण्याचा नमुना घेऊन येणाऱ्याला एक आकडा हवा असतो. बहुतेक प्रयोगशाळा आता हा आकडा गढूळपणा मोजून काढतात. पण दोन प्रयोगशाळांचे आकडे जुळेनासे झाले की निवाड्यासाठी सगळे वजनी पद्धतीकडेच वळतात. म्हणून तिच्या चुका माहीत असणे जरुरीचे आहे.

आधी एक छोटा प्रयोग सुचवतो. महाविद्यालयातल्या शिक्षकांनी तो वर्गात जरूर करावा. पोटॅशियम सल्फेटच्या कोमट द्रावणात गडद जांभळे होईपर्यंत पोटॅशियम परमँगनेट मिसळावे आणि आम्ल न घालता बेरियम क्लोराइडचे द्रावण ओतावे. अवक्षेप खाली बसला की थोडे सौम्य सल्फ्युरिक आम्ल आणि हायड्रोजन पेरॉक्साइड घालावे. वरचे द्रावण क्षणात रंगहीन होते, तळाचा अवक्षेप मात्र गुलाबी-जांभळाच राहतो. तो गाळून घ्या, कितीही धुवा, रंग हटत नाही. परमँगनेट स्फटिकाच्या जाळीतच जाऊन बसलेले असते, त्यामुळे पेरॉक्साइड तिथे पोचत नाही आणि पाणीही पोचत नाही. सोडियम, पोटॅशियम, क्लोराइड आणि नायट्रेट हेही बेरियम सल्फेटबरोबर खाली येतात. फरक इतकाच की त्यांना रंग नाही, म्हणून आपल्याला ते दिसत नाहीत.

या सोबत्यांचे दोन गट पडतात आणि त्यांच्या चुका विरुद्ध दिशांना जातात. बेरियम क्लोराइड किंवा बेरियम नायट्रेट आत अडकले तर सल्फेटच्या हिशेबाबाहेरचे वजन वाढते आणि उत्तर जास्त येते. यात नायट्रेट क्लोराइडपेक्षा जास्त त्रासदायक. म्हणून नायट्रेट भरपूर असलेले पाणी आधी हायड्रोक्लोरिक आम्लाबरोबर पुन्हा पुन्हा कोरडे होईपर्यंत आटवून घ्यावे लागते. उलट, सल्फेटचा काही भाग बेरियमऐवजी सोडियम, पोटॅशियम किंवा कॅल्शियमला धरून खाली आला, तर तेवढ्या सल्फेटचे वजन कमी भरते आणि उत्तर घसरते. लोह असेल तर आणखी एक भर पडते. फेरिक सल्फेट भट्टीत तापले की सल्फर ट्रायऑक्साइड उडून जातो.

आता आकड्यांत पाहू. समजा, एका विहिरीच्या पाण्यात लिटरमागे बरोबर ४०० मिलिग्रॅम सल्फेट आहे. पिण्याच्या पाण्याच्या आयएस १०५०० या मानकात पर्यायी स्रोत नसताना हीच कमाल मर्यादा आहे, म्हणजे आकडा इकडचा तिकडे झाला तर अहवालाचा निकालच बदलतो. १०० मिलिलिटर नमुना घेतला तर त्यात ४० मिलिग्रॅम सल्फेट आले. बेरियम सल्फेटच्या वजनाला ०.४११६ ने गुणले की सल्फेट मिळते, म्हणून शुद्ध अवक्षेप ९७.२ मिलिग्रॅम भरायला हवा.

पहिला विश्लेषक घाईत आहे. त्याने धुणे अर्धवट सोडले आणि एक मिलिग्रॅम बेरियम क्लोराइड अवक्षेपात राहिले. वजन ९८.२ आणि उत्तर लिटरमागे सुमारे ४०४. एवढीच चूक असती तर ती सोडियम नसलेल्या साध्या प्रमाण द्रावणावर लगेच पकडता आली असती. पण पाणी खारवट आहे. समजा, ४० पैकी एक मिलिग्रॅम सल्फेट सोडियम सल्फेट म्हणून खाली आले. त्याचे वजन २.४३ मिलिग्रॅम भरायला हवे होते, ते १.४८ भरले, म्हणजे जवळजवळ एक मिलिग्रॅमची तूट. या दोन्ही चुका एकाच मुशीत आल्या की वजन पुन्हा ९७.२ च्या आसपास येते आणि उत्तर ४००!

तोच नमुना दुसऱ्या, अधिक काळजीपूर्वक काम करणाऱ्या विश्लेषकाकडे जातो. तो अवक्षेप नीट धुतो, क्लोराइड पुरते काढून टाकतो, आणि त्याचे उत्तर येते ३९६. आतले सोडियम त्याच्याही अवक्षेपात आहे, फक्त आता त्याला भरून काढणारी दुसरी चूक उरलेली नाही. प्रयोगशाळेत मात्र बोट त्याच्याकडेच दाखवले जाते, कारण जुने आकडे ४०० च्या जवळचे आहेत. आम्हाला हा प्रकार फार गंभीर वाटतो. अशाने चांगली सवय सोडून द्यायला माणूस शिकतो. बेरियम क्लोराइड भरभर ओतले की उत्तर ‘बरोबर’ येते, असा अनुभव काही जण सांगतात, त्यामागेही हेच आहे. भरभर ओतल्याने बेरियम क्लोराइड जास्त अडकते आणि ते क्षारांमुळे आलेली तूट बुजवते. ही भरपाई नमुन्यातल्या क्षारांवर अवलंबून असते, त्यामुळे पुढच्या विहिरीला ती लागू पडेलच असे नाही.

मग धुण्याचे महत्त्व कमी होते का? मुळीच नाही. अवक्षेपाच्या पृष्ठभागावर आणि कागदाच्या धाग्यांत राहिलेले बेरियम क्लोराइड धुऊनच जाते, आणि ते न गेल्यास बाकीच्या चुकांचा मागही लागत नाही. एका दमात भरपूर पाणी ओतण्यापेक्षा थोडेथोडे कोमट पाणी घ्यावे आणि प्रत्येक वेळी कागद पूर्ण निथळू द्यावा. कागदाची वरची कड विसरू नये, क्लोराइड तिथेच चढून बसते. चाचणीसाठी नरसाळ्याच्या टोकातून उतरणारे ताजे थेंब घ्यावेत. खाली साठलेल्या गाळलेल्या पाण्याची चाचणी निरर्थक असते. अति धुण्याचीही भीती असते, पण ती मापात ठेवावी. बेरियम सल्फेट साध्या तापमानाला १०० मिलिलिटर पाण्यात सुमारे पाव मिलिग्रॅम विरघळते, गरम पाण्यात त्याहून थोडे जास्त. धुण्याचे पाणी अवक्षेपाच्या सान्निध्यात फार वेळ राहत नसल्याने प्रत्यक्ष नुकसान त्याहून कमी होते. खरा धोका वेगळा आहे. क्षार निघून गेल्यावर बारीक कण पुन्हा सुटे होऊन कागदातून पार होतात. गाळलेले पाणी दुधाळ दिसू लागले तर अवक्षेप नीट पिकलेला नाही असे समजावे. अशा वेळी ८० ते ९० अंश सेल्सिअसला किमान दोन तास, शक्य असेल तर रात्रभर, ठेवणे हाच उपाय. त्याने कण मोठे होतात आणि पृष्ठभागावरची अशुद्धी घटते, जाळीत शिरलेली मात्र बहुतांशी तशीच राहते.

आतली अशुद्धी ओळखण्याचा आमच्या माहितीतला सर्वांत सरळ मार्ग म्हणजे जोडीने केलेली निश्चिती. एक भाग नेहमीप्रमाणे घ्यावा. दुसरा भाग हायड्रोजन रूपातल्या धनायन विनिमय रेझिनच्या नळीतून जाऊ द्यावा, नळी पाण्याने धुऊन ते पाणीही त्यात मिसळावे आणि मग बेरियमने अवक्षेप पाडावा. रेझिन सोडियम, पोटॅशियम, कॅल्शियम, लोह सगळे धरून ठेवते आणि सल्फेट पुढे जाते. दोन उत्तरांत जो फरक पडेल तो धनायनांमुळे आलेला समजावा. एक काळजी घ्यावी. आपल्या विहिरींच्या पाण्यात बायकार्बोनेट असते, त्याचा रेझिनमध्ये कार्बन डायऑक्साइड होऊन नळीत बुडबुडे अडकतात आणि पाणी एकाच वाटेने उतरते. म्हणून नमुना आधी थोड्या हायड्रोक्लोरिक आम्लाने आम्ल करून उकळावा आणि थंड करून मगच सोडावा. क्लोराइडची चूक मात्र रेझिनने जात नाही. तिच्यासाठी नमुना पातळ करणे, गरम ठेवणे, ढवळत ढवळत हळू ओतणे आणि बेरियम क्लोराइडचे आधिक्य माफक ठेवणे हेच करावे लागते.

अवक्षेपात सोडियम शिरले आहे का हे थेट पाहायचे असेल तर माती परीक्षण प्रयोगशाळांत पोटॅशसाठी असलेला ज्योत प्रकाशमापक उपयोगी पडतो. भाजलेला अवक्षेप गरम अमोनियायुक्त ईडीटीएत विरघळवावा आणि सोडियम मोजावे. यासाठी ईडीटीए आम्ल रूपातच घ्यावे, कारण नेहमीची डायसोडियम बाटली वापरली तर सगळे वाचन तिचेच येईल. प्रमाण द्रावणांतही तेवढेच ईडीटीए आणि बेरियम असावे.

भट्टीतली चूकही घसरणीच्याच बाजूची. कागद ज्वाळेने पेटला किंवा हवा न मिळता जळाला तर कार्बनमुळे अवक्षेपाचा काही भाग बेरियम सल्फाइड होतो आणि त्या भागाचे वजन सत्तावीस टक्क्यांनी घटते. कागद आधी मंद आचेवर कोळसा होऊ द्यावा आणि मग ८०० अंशांवर तासभर ठेवावे. अवक्षेप करडा दिसला तर त्यावर सल्फ्युरिक आम्लाचा एक थेंब टाकून, जपून वाफ घालवून पुन्हा भाजावे.

हे सगळे सर्वांत जास्त महाग पडते ते आसवन्यांच्या सांडपाण्यात. मळीतला पोटॅशियम तिथे भरपूर प्रमाणात येतो आणि तो सोडियमपेक्षा सहज बेरियम सल्फेटसोबत खाली उतरतो. त्यात सेंद्रिय पदार्थ असतात, म्हणून नमुना आधी आटवून त्यातले सेंद्रिय द्रव्य नष्ट करावे लागते, म्हणजे मूळचे क्षार आणखी एकवटतात. साखर कारखान्यांच्या प्रयोगशाळांना आमचे सांगणे असे की सांडपाण्याचा सल्फेटचा आकडा रेझिनशिवाय नोंदवू नये. नोंदवलाच, तर अहवालात ‘धनायने न काढता’ असे स्पष्ट लिहावे. या अंकापासून आमच्याकडे छापायला येणाऱ्या सल्फेटच्या आकड्यांसोबत नमुन्याचे आकारमान, अवक्षेपाचे वजन, रेझिनमधून गेलेल्या जोडीचे वजन आणि त्याच दिवशीचा कोरा नमुना, अशा चार गोष्टी मागितल्या जातील.