विश्लेषण : मागवले कच्चे शेंगदाणे, आले खारे दाणे! बदली वस्तूला ‘हो’ कधी म्हणावे?

एकादशीच्या आदल्या रात्री पुण्यातल्या एका घरातून दहा मिनिटांत किराणा पोहोचवणाऱ्या ॲपवर ऑर्डर जाते : साबुदाणा, शेंदेलोण, तूप आणि अर्धा किलो कच्चे शेंगदाणे. पैसे भरून झाल्यावर फोन वाजतो. ‘‘मॅडम, कच्चे शेंगदाणे संपलेत. खारे दाणे टाकू का?’’ घाईत ‘‘टाका’’ म्हटले जाते आणि सकाळी खिचडीचे कूट करायला घेतल्यावर चूक लक्षात येते. खाऱ्या दाण्यांना साधे मीठ लावलेले असते. अनेक घरांत ते उपवासाला चालत नाही.

ॲपवर ‘उपलब्ध’, मग दुकानात का नाही?

अशी ऑर्डर जवळच्या गोदामवजा दुकानातून निघते. तिथे गिऱ्हाईक येत नाही. कर्मचारी मोबाइलवरची यादी बघून फडताळातून वस्तू उचलतात. ॲपला फक्त नोंदीतला आकडा दिसतो. नोंदीत एक पाकीट शिल्लक असते, पण प्रत्यक्षात ते फाटलेले असते, दुसऱ्याच कप्प्यात गेलेले असते किंवा आधीच्या पिशवीत चुकून पडलेले असते. हे कळते ते वस्तू उचलायला हात घातल्यावर. तोवर पैसे भरलेले असतात आणि कर्मचाऱ्याच्या डोक्यावर घड्याळ असते.

‘हो’ म्हणण्याआधी काय बघावे?

पहिला प्रश्न : वस्तू कशासाठी हवी आहे? नाव जवळचे असले म्हणून काम जवळचे नसते. वरच्या उदाहरणात भाजलेले, बिनमिठाचे दाणे आले असते तर उलट भाजण्याचे काम वाचले असते. खारे दाणे मात्र निरुपयोगी ठरले. दुधाचा किंवा बिस्किटाचा ब्रँड बदलला तर बहुतेकदा निभावते. लहान बाळाची दूध पावडर, ॲलर्जी असलेल्यांचे खाणे, मधुमेहींसाठीचे पदार्थ यांत बदल नकोच.

दुसरा प्रश्न : वजनामागे भाव किती? समजा, कच्चे शेंगदाणे ५०० ग्रॅमला ९० रुपये होते. म्हणजे १०० ग्रॅमला १८ रुपये. बदली म्हणून २०० ग्रॅमची दोन पाकिटे ११० रुपयांना आली, तर १०० ग्रॅमला साडेसत्तावीस रुपये पडले. वरकरणी फरक वीस रुपयांचा. प्रत्यक्षात माल १०० ग्रॅम कमी आणि भाव दीडपट.

तिसरा प्रश्न : वस्तूवाचून अडेल का? कोपऱ्यावरचे दुकान उघडे असेल, तर ‘‘नको, पैसे परत करा’’ हे उत्तर सोपे आणि स्वस्त.

वस्तू आलीच नाही तर?

आधी बिल बघावे. वस्तू बिलातून वगळली असेल, तर ती संपली होती; परतावा आला का, एवढेच तपासायचे. बिलात आहे पण पिशवीत नाही, तर ती पॅकिंगची चूक. तिथे तक्रार करावी लागते. त्यासाठी सामान डब्यांत भरण्याआधी सगळ्या वस्तू आणि पिशवीवरचे लेबल यांचा एक फोटो काढून ठेवावा. तक्रारीची मुदत अनेकदा थोडी असते.

परताव्याची रक्कम छापील किमतीपेक्षा कमी दिसू शकते, कारण कूपनची सवलत अनेकदा सर्व वस्तूंवर वाटली जाते. ५०० रुपयांच्या ऑर्डरवर ५० रुपये सूट असेल, तर ९० रुपयांच्या वस्तूचे ८१ रुपये परत येतात. ही फसवणूक नव्हे. वस्तू वगळल्यामुळे नंतर डिलिव्हरी शुल्क लावले, तर मात्र जरूर विचारावे. कमतरता दुकानाची होती.

नियम काय सांगतो?

ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० नुसार खरेदीची संमती ग्राहकाने स्पष्ट कृतीतून द्यावी लागते. आधीच टिक केलेला चौकोन ही संमती नव्हे. तक्रार अधिकाऱ्याने ४८ तासांत पोच आणि महिन्याभरात निवारण करायचे असते. दाद लागली नाही, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे.

याच तत्त्वाने बदली वस्तूचा प्रश्न सुटायला हवा. ग्राहकाने फोन उचलला नाही, तर त्याचा अर्थ ‘नको’ असाच धरला जावा आणि पैसे परत जावेत. विचारताना नव्या वस्तूचे वजन आणि भाव स्क्रीनवर दिसावा. ओळखीचा वाणीही वस्तू बदलून देतो. पण त्याला घर माहीत असते, उद्या परत घेण्याची तयारीही असते. गोदामातल्या कर्मचाऱ्याला घर माहीत नसते. म्हणून त्याने विचारायलाच हवे आणि उत्तर देणाऱ्यानेही ‘‘टाका’’ म्हणण्याआधी खिचडी आठवायला हवी.