हॅपी बर्थडे आजी, पण कधी?

शुक्रवारी रात्री ऑफिसचं काम उरकून पुण्याहून नांदेडची बस पकडायची, रात्रभर मान वाकडी करून झोपायचं आणि सकाळी सकाळी आजीच्या दारात केकचा बॉक्स घेऊन उभं राहायचं. सरप्राइज! प्लॅन एकदम फिल्मी होता. तारीख होती २९ जुलै २०२३, वार शनिवार. मोबाइलमधल्या तिथीवाल्या ॲपनं आठवण दिली होती, ‘श्रावण शुक्ल ११: आजीचा वाढदिवस’.

आजीनं दार उघडलं, केक बघितला आणि म्हणाली, ‘‘अगं बाई, अधिक चालू हाय की! अधिकातला वाढदिवस करत नसतेत. आन् आज एकादशी, केक कोण खाणार?’’

तो केक मी आणि शेजारच्या पोरांनी मिळून संपवला.

आता तुम्ही म्हणाल, एवढा घोळ कशाला? आधार कार्डावरची तारीख घ्यायची आणि मोकळं व्हायचं. घेतली असती हो. पण आजीच्या कार्डावर आहे १ जून! मराठवाड्यातल्या कुठल्याही घरात विचारा, निम्म्या ज्येष्ठांचा वाढदिवस १ जूनच निघेल. शाळेत नाव घालताना गुरुजींनी टाकलेली ती तारीख. आजीची खरी जन्मतारीख कुणालाच माहीत नाही. माहीत आहे ती फक्त तिथी, श्रावण शुद्ध एकादशी. म्हणजे तिथी चुकली की तिचा वाढदिवसच गेला.

आपला मोबाइल इथे गडबडतो, कारण त्याला एकच रिपीट कळतं, ‘दरवर्षी’. चांद्र वर्ष साधारण ३५४ दिवसांचं असतं. त्यामुळे तिथी दरवर्षी दहा-अकरा दिवस आधी येते आणि हा फरक साठत गेला की साधारण अडीच-पावणेतीन वर्षांनी अधिक महिना येऊन तिला पुन्हा पुढे ढकलतो. आजीचंच उदाहरण घ्या. २०२२ मध्ये तिची एकादशी ८ ऑगस्टला होती, २०२३ मध्ये २७ ऑगस्टला, २०२४ मध्ये १६ ऑगस्टला आणि २०२५ मध्ये ५ ऑगस्टला. मधली अंतरं मोजली तर ३८४, ३५५ आणि ३५४ दिवस येतात. ‘दर ३५४ दिवसांनी’ असा रिमाइंडर लावला तरी अधिकाच्या वर्षी तो महिनाभर आधी वाजणार.

माझं ॲप तसंच वाजलं. २०२३ मध्ये श्रावण दोनदा आला. १८ जुलै ते १६ ऑगस्ट हा अधिक श्रावण आणि त्यानंतरचा निज श्रावण. एकादशीही दोनदा आली. ॲपनं पहिली दिसली ती उचलली. साध्या महिन्यात जन्मलेल्या माणसाचा वाढदिवस निज महिन्यात धरतात, हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. २७ ऑगस्टला रविवार होता. पुन्हा बस, या वेळी केकऐवजी पेढे.

या घोळाची दुसरी बाजू मला लातूरच्या काकांनी समजावली. काकांकडे आजोबांच्या श्राद्धाची जबाबदारी असते, त्यामुळे भिंतीवर कालनिर्णय आणि कपाटात दाते पंचांग, दोन्ही पाहिजेच. ते म्हणाले, ‘‘तिथी रात्री बाराला बदलत नसते, बेटा. ती दिवसात कधीही लागते, कधीही संपते. म्हणून आधी विचारायचं, काम कशाचं आहे?’’

वाढदिवसाला सूर्योदयाच्या वेळी असलेली तिथी धरतात. श्राद्धाला दुपारची, म्हणजे अपराह्णातली तिथी बघतात. २०२४ मध्ये श्रावणातली ती एकादशी १५ ऑगस्टला सकाळी लागली आणि १६ ला सकाळी संपली. १५ ला सूर्य उगवला तेव्हा दशमी होती, म्हणून आजीचा वाढदिवस १६ ला. पण त्याच तिथीचं श्राद्ध कुणाकडे असतं, तर ते १५ ला झालं असतं, कारण दुपारी एकादशी होती ती त्याच दिवशी. एकच तिथी, दोन तारखा आणि दोन्ही बरोबर! ॲपमध्ये ‘वाढदिवस’ आणि ‘श्राद्ध’ असे वेगळे पर्याय नसतील, तर श्राद्धासाठी त्याच्यावर विसंबू नका.

काकांनी आणखी एक खोच दाखवली. आपला महिना अमावस्येला संपतो, उत्तर भारतातला पौर्णिमेला. शुद्ध पक्षात दोघांचा महिना एकच, पण वद्य पक्षात त्यांचा एक महिना पुढे असतो. पितृपक्ष आपल्याकडे भाद्रपद वद्यात, त्यांच्याकडे आश्विन कृष्णात. त्यामुळे वद्यातली तिथी भरायच्या आधी सेटिंगमध्ये ‘अमान्त’ निवडलंय का ते बघायचं. नाही तर आठवण थेट महिनाभर चुकते.

बरं, वर्षातून एकदा आठवण येईलच, याचीही गॅरंटी नाही. नांदेडकरांना हे वेगळं सांगायला नको. गुरू गोबिंदसिंगजींचा प्रकाश पर्व पौष शुद्ध सप्तमीला असतो. २०१७ मध्ये ही सप्तमी ५ जानेवारीला आली आणि पुन्हा २५ डिसेंबरला. २०१८ च्या इंग्रजी वर्षात मग ती आलीच नाही. डिसेंबर-जानेवारीच्या सीमेवरच्या तिथींचं असंच होतं. वर्ष कोरं दिसलं, तर घाबरून सेटिंग बदलू नका.

मग मी काय करते? डिसेंबरमध्ये पुढच्या वर्षाचं कालनिर्णय आलं की तासभर बसते. घरच्या नऊ तिथींची यादी वहीत आहे. प्रत्येकीपुढे महिना, पक्ष, तिथी, जन्म अधिकातला की निजातला आणि वाढदिवस की श्राद्ध, एवढं लिहिलेलं आहे. त्या वर्षीची तारीख शोधायची आणि मोबाइलमध्ये ‘रिपीट: कधीच नाही’ असं ठेवून भरायची. एक अलार्म आठ दिवस आधी, तिकीट काढायला. दुसरा आदल्या संध्याकाळी, फोन करायला. श्राद्धाच्या तारखा तेवढ्या काकांकडून तपासून घेते. २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठ आहे, १७ मे ते १५ जून. त्या वर्षी ज्येष्ठातल्या वाढदिवसांपुढे मी लाल पेनानं ‘निज’ लिहिलंय.

काकांच्या यादीत एक नोंद आहे, तिला अलार्म नाही. किल्लारीचा भूकंप. सरकारी तारीख ३० सप्टेंबर १९९३. काका मात्र ‘विसर्जनाची रात्र’ म्हणतात. २९ ला अनंत चतुर्दशी होती, लोक गणपती बोळवून झोपले आणि पहाटे चारच्या सुमाराला जमीन हलली. तारीख आणि तिथी साधारण १९ वर्षांनी पुन्हा जवळ येतात. २०१२ मध्ये अनंत चतुर्दशी बरोबर २९ सप्टेंबरला आली. त्या वर्षी काका मिरवणुकीवरून लवकर घरी आले होते आणि रात्रभर अंगणात खुर्ची टाकून बसले होते. मी कॉलेजात होते, मला वाटलं त्यांना उकडतंय.

आता यादीत दर वर्षी दहावी ओळ लिहिते, अनंत चतुर्दशी. त्या रात्री काकांना फोन करायचा असतो.